माझी लड आणि विहिणीचे शिंगाडे

विहिणीवर मात करायची म्हणून मी एकदा दुकानातून मसालेदार कुरकुरीत खाऊच्या पाकिटांची अख्खी लड विकत आणली आणि स्वयंपाकघरातल्या खिळ्याला तोरणासारखी टांगली. तेव्हा माझे केस अर्धे काळे होते आणि अक्कल बहुतेक त्याच अर्ध्यात राहायची.

माझी नात, म्हणजे लेकीची लेक, तिसरीत होती. राहायची गोसीखुर्दकडे, आपल्या दुसऱ्या आजीजवळ. माझ्याकडे वरठीला यायची फक्त दिवाळीच्या सुट्टीत, आणि आली की तोंडात एकच जप: "आमची आजी असं करते, आमची आजी तसं करते." मग मी कोण, स्टेशनवरची चहावाली? यंदा पोरीने घरी जाऊन माझंच नाव घेतलं पाहिजे, असं मी ठरवलं. त्यासाठी ती लड.

पहिल्या दिवशी मी जिंकले. पोरगी माझ्या मांडीवर बसून खात होती, मीही तिच्या पाकिटात हात घालत होते. एक संपलं की दुसरं फाडायचं. जिभेवर ठेवलं की विरघळायचं, चावायची गरजच नाही, आणि मीठ-तिखट-तेलाची चव अशी की हात आपोआप परत आत जायचा. रात्री भातवरण वाढलं तर तिने ताट सरकवलं. झोपायच्या वेळी भूक लागली म्हणून रडली. मी काय केलं असेल? आणखी एक पाकीट फाडलं.

असेच दोनतीन दिवस गेले. पोट धड भरलेलं नाही आणि धड रिकामं नाही, म्हणून पोरगी दिवसभर चिडचिडी. शेवटी म्हणाली, "मले घरी जायचं आहे. आमच्या आजीकडं."

ते "आमच्या" माझ्या काळजात मासळीच्या काट्यासारखं रुतलं. तिला पोचवायला मी स्वतः गेले. म्हटलं, बघू तरी त्या बाईने काय जादू केली आहे. पिशवीत उरलेल्यांतली काही पाकिटं घेतली होती. तिच्याच अंगणात तिचा पराभव करायचा बेत होता.

विहिणीच्या घरची माणसं तलावात मासे धरतात, शिंगाडेही लावतात. आम्ही पोचलो तेव्हा तिने मोठ्या गंजात शिंगाडे उकडायला ठेवले होते. मला बघून हसली. एवढी गोड हसली की मला आणखी राग आला.

"बसा विहीणबाई. पोरगी उपाशी दिसून राहिली."

"उपाशी कायले? दिवसभर खाऊन राहिली आमच्याकडं," मी म्हटलं आणि पिशवीतलं पाकीट दाखवलं.

तिने नाक मुरडलं असतं तर मला भांडता आलं असतं. पण तिने आधी उकडलेल्या हरभऱ्यावर कांदा-लिंबू घालून नातीसमोर ठेवलं, मग शिंगाडे. शिंगाडा सोलायला वेळ लागतो, चावायलाही लागतो. पोरगी एकेक सोलत, गप्पा मारत बसली. मीही हट्टाने खात गेले. थोड्या वेळाने माझाच हात आपोआप थांबला.

मग विहिणीने माझं पाकीट फोडलं आणि थोडंसं वाटीत ओतून नातीपुढे ठेवलं. पोरीने दोनचार तुकडे उचलले आणि खेळायला पळाली. वाटीत माझी अब्रू तशीच पडून राहिली.

"तुम्ही तिले नाही म्हणत नाही?" मी विचारलं.

"नाही म्हटलं त मागं लागते. आधी पोट भरू द्याचं. अन् सारं पाकीट हातात द्याचं नाही. हे तोंडात इरघळते जी, पोट भरलं हे कळाच्या आधीच पाकीट संपते."

ती चुकीचं बोलली असती तर किती बरं झालं असतं.

घरी येऊन खिळा रिकामा केला. पुढच्या दिवाळीला मी बाजारातून शिंगाडे आणले, हरभरे रात्रीच भिजत घातले, शेंगदाणे भाजून डब्यात भरले, अंडी उकडली. नात आली, खेळून दमून पाटावर बसली, पोटभर खाल्लं आणि संध्याकाळी भातही मागितला. मला गप्प बसवेना. तिच्या अगदी जवळ सरकून मी हळूच विचारलं, खरं सांग, शिंगाडे कोणाचे चांगले, माझे की तिचे?

तोंडातला शिंगाडा नीट चावून, गिळून, मग ती म्हणाली, "सारखेच लागतात आजी. पण ते आजी मले असं विचारत नाही."