पाच-पाच नग

सातव्या महिन्यात गडचिरोलीच्या दवाखान्यात मला कळलं की मला गरोदरपणातली साखर आहे. डॉक्टरबाईंनी पंधरा दिवसांची मुदत दिली. उपाशीपोटी पंचाण्णवच्या खाली, खाल्ल्यावर एका तासानं एकशे चाळीसच्या खाली, असे आकडे जेवण सांभाळून आले तर ठीक. नाही तर इन्सुलिन. मला सुईची भयंकर भीती. रोज बोट टोचून मशीनवर साखर बघायची, हेच मला जड जात होतं, आणि वर इन्सुलिन म्हणजे पोटात सुई. मी ठरवलं, उपाशी राहीन पण सुई घेणार नाही. आहार सांगणारी बाई म्हणाली, उपाशी राहायचंच नाही, सकाळी अकराला थोडं खायचं, पण त्यात कार्बोहायड्रेट पंधरा ग्रॅमच्या वर जाऊ द्यायचं नाही.

पंधरा ग्रॅम. हे आरमोरीत, आमच्या घरात सांगायचं होतं.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि फक्त इन्सुलिन हा शब्द लक्षात ठेवला. "एकडाव सुई लागली का जन्मभर सुटत नाई," त्या म्हणाल्या. हे त्यांना कोणी सांगितलं होतं ते विचारण्यात अर्थ नव्हता; त्यांना जे पटतं ते त्यांना नेहमीच कोणीतरी सांगितलेलं असतं. सुई टाळायची म्हणून त्यांनी माझा साखरेचा चहा त्याच दिवशी बंद केला. आणि अशक्तपणा येऊ नये म्हणून सुकामेवा सुरू केला. साखर ती डब्यातली पांढरी. झाडाला लागते ती साखर नव्हे, हा त्यांचा सिद्धांत. त्यावर मी काय बोलणार? मी फक्त पोरगी पोटात बाळगून होते. पोरगीच होणार असं मला उगाच वाटत असे.

तेवढ्यात नागपूरहून दीर आले. दीर म्हणजे आमच्या घरातले शिकलेले. कंपनीत काहीतरी करतात आणि मोबाईलवर शरीराबद्दल बरंच काही बघतात, त्यामुळे त्यांना सगळ्यांची शरीरं समजतात. त्यांनी माझ्यासाठी खजुराचा मोठा डबा, चपट्या सुक्या अंजिरांची पाकीटबंद माळ आणि मनुकांचं पाकीट आणलं. डब्यातले खजूर कसले, एकेक म्हणजे लहानसा बटाटा. डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं होतं, वरून साखर घातलेली नाही. सासूबाईंनी ते दिरांकडून दोनदा वाचून घेतलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू खटला निकाली निघाला.

मग दिरांनी पाकिटांच्या मागचे बारीक आकडे वाचायला घेतले. शंभर ग्रॅममध्ये कार्बोहायड्रेट: खजूर पंचाहत्तर, मनुका एकोणऐंशी, अंजीर चौसष्ट. "म्हणजे वहिनी, सगळ्यात खराब मनुका. मनुका बंद. खजूर मधल्या नंबरावर. अंजीर बिनधास्त खा." त्यांनी मनुकांचं पाकीट उचलून फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं. तिथं उंदीर मारायचं औषध असतं.

पुढं त्यांची नजर खालच्या ओळीवर गेली. खजुरात साखर सहासष्ट. त्यांनी ती पंचाहत्तरात मिळवली आणि एकशे एक्केचाळीस असा आकडा अत्यंत गंभीरपणे जाहीर केला.

"भाऊजी," मी म्हटलं, "शंभर ग्रॅम खजुरात एकशे एक्केचाळीस ग्रॅम कुठून आलं? डबा फाटला नाई का?"

त्यांनी डबा उलटसुलट करून पाहिला. साखर कार्बोहायड्रेटच्या आतच मोजलेली असते, वेगळी मिळवायची नसते. अंजिराच्या चौसष्टातली अठ्ठेचाळीस साखर, उरलेल्यात चांगला दहाएक ग्रॅम चोथा, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाले, "तरी मनुका खराबच."

माझी नोकरी आमच्या तलावांच्या मच्छीमार सोसायटीत. वजन आणि नग याशिवाय माझ्या डोक्यात दुसरं काही नसतं. मी स्वयंपाकघरातला छोटा इलेक्ट्रिक काटा काढला. खजुराची बी काढून गर ठेवला: वीस ग्रॅम. म्हणजे एका खजुरात पंधरा ग्रॅम कार्बोहायड्रेट. अकरा वाजताचं माझं सगळं खाणं एका बटाट्यात संपलं. एक अंजीर पंधरा ग्रॅम भरलं, म्हणजे साडेनऊच्या आसपास. आणि ती खुनी मनुका? एक ठेवली तर काट्याला ती दिसेचना. दहा ठेवल्या तेव्हा कुठे पाच ग्रॅम भरले. एका मनुकेत अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. दिरांनी उंदराच्या औषधाशेजारी ठेवली होती ती घरातली सगळ्यात निरुपद्रवी वस्तू, जोवर तुम्ही ती मोजून खाता. मूठभरून खाल्ली तर तिचाही खजूर होतो, हे वेगळं.

मला वाटलं, झालं, आता सुटका. पण पुढच्या आठवड्यात ओटी होती.

ओटीचा सासूबाईंचा नियम पाच-पाच. जे ओटीत पडेल ते पाच नग आणि त्यातलं जे खायचं ते पाचही नग पोटुशीच्या तोंडात, पाच सुवासिनींच्या हातानं. पाच खजूर, पाच अंजीर, पाच मनुका. वस्तू कोणतीही असो, पाच ते पाच. मी तोंडी हिशेब केला: खजुराचे पंचाहत्तर, अंजिराचे अठ्ठेचाळीस, मनुकांचे दोन. एकशे पंचवीस. आणि मला परवानगी होती पंधराची.

"आई, यवडं खाल्लं तं साखर छपरावर जाईल."

"पाच नगानं काई होत नाई. मनुकाही पाचच हायेत नं? थ्या चालतेत म्हणते, मंग खजूर काऊन नाई चालत?"

"अंजीर तर बिनधास्तच," दिरांनी बाहेरून आवाज दिला.

एकीला सगळे नग सारखे आणि दुसऱ्याला सगळे शंभर ग्रॅम सारखे, आणि मध्ये मी. नवरा नेहमीप्रमाणे दोन्ही बाजूंनी मान हलवत होता. माझा असा संताप झाला की मी काटा उचलून धुवायला गेले. काटा धुवायचा नसतो. तो त्या दिवसापासून थोडा वेडसर दाखवतो.

पाण्याखाली हात होता तेव्हाच सुचलं. आमच्या सोसायटीत दोन तऱ्हेचे व्यवहार चालतात. तलावात सोडायचं बीज, म्हणजे बोटाएवढी बोटुकली, ती नगावर मोजतात. मोठा मासा, कतला वगैरे, किलोवर. सासूबाईंचा जन्म यात गेला आहे.

"आई, पाच बोटुकल्या न् पाच कतले, एकच काय?"

"येडी झाली का? कतला किलोवर जाते."

"खजूर कतला हाये आई. मनुका बोटुकली. तुमी कतल्याले बोटुकलीवानी मोजून राह्यल्या."

खजूर हातात घेऊन त्यांनी तळहातावर उडवून पाहिला, जसा त्या मासा पाहतात. मग मनुका घेतली. मला वाटलं, पटलं. पटलंच होतं. पण पटलं म्हणून पाचाचे चार करतील तर त्या सासूबाई कसल्या?

"पाच तं लागतेच," त्या म्हणाल्या. आणि विळीवर बसल्या. त्यांनी खजूर उभा चिरला, बी काढली, अर्धा बाजूला ठेवला आणि उरलेल्या अर्ध्याचे पाच तुकडे केले. अंजिराचंही तसंच, अर्ध्याचे पाच. मनुका अख्ख्या पाच. "हे घे. पाच-पाच नग. आता कर तुया हिशेब."

मी केला. साडेसात, पाच आणि दोन. साडेचौदा. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. दिरांनी आत येऊन विचारलं की वजनाचा विचार झाला आहे ना. सासूबाईंनी त्यांना खजुराची बी दिली आणि फेकून यायला सांगितलं.

ओटी झाली. पाच बायकांनी मला खजुराचे भातुकलीएवढे तुकडे भरवले आणि बाहेर जाऊन नक्कीच म्हणाल्या असतील की सासू भारी चिक्कू. तासाभरानं मी आतल्या खोलीत बोट टोचलं. एकशे अठ्ठावीस. मी तो आकडा सासूबाईंना दाखवला. त्यांना आकडा वाचता येतो, पण त्यांनी तो माझ्याकडून वदवून घेतला आणि मग येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितला. त्या दिवशी मला खरोखर वाटलं की आपण सुई टाळली.

पंधरा दिवस झाले आणि आम्ही दोघी गडचिरोलीला गेलो. डॉक्टरबाईंनी माझे आकडे पाहिले. खाल्ल्यानंतरचे सगळे एकशे चाळीसच्या आत. त्यांनी शाबासकी दिली, मी फुलले. मग त्यांनी सकाळचे उपाशीपोटीचे पाहिले. एकशे चार, एकशे सात, एकशे तीन. एकही पंचाण्णवच्या खाली नाही. मी ते रोज पाहत होते आणि रोज स्वतःला सांगत होते की उद्या उतरेल. "हे जेवणाच्या हातात नसतं," त्या म्हणाल्या. "रात्रभर शरीर स्वतःच साखर सोडतं आणि या दिवसांत वारेच्या हार्मोन्समुळे ते इन्सुलिनला दाद देत नाही. झोपताना थोडं इन्सुलिन घ्यावं लागेल. बाळंतपणानंतर बहुतेक सुटतंच." एवढ्या खजूर-मनुकांच्या लढाईनंतर मी हरले होते ते झोपेत.

बाहेर बाकावर सासूबाई माझ्याजवळ सरकल्या. पंधरा दिवस त्या मोठ्यानंच बोलत होत्या. आता कुजबुजल्या.

"माया नगानं झालं का वं हे?"

माझ्याकडे उत्तरं तयार होती. दोन आठवडे मी त्यांना टोमणेच मारत आले होते, आणि हा टोमणा तर आयता हातात आला होता. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि तो मी गिळला.

"नाई आई. तुमच्या नगाचा आकडा चांगलाच आला होता. हा सकाळचा आकडा खजुराचा नाई, मनुकेचाही नाई. कोनाचाच नाई."

त्या पदर खोचून उठल्या, औषधाची पिशवी घेऊन आलेल्या नर्सला त्यांनी वाटेतच अडवलं आणि स्वतःच्या पोटावरचं लुगडं बाजूला सारलं.

"बाई, सुई कशी टोचाची थे मले शिकवा. पयले मायाच पोटावर दाखवा, कोठी धराची, किती आत. इच्यानं नाई होनार, हे भेते."

नर्स हसायला लागली. मी बाकावर बसून सगळ्या दवाखान्यासमोर मोठ्यानं रडले.