आत्याचे बारा सेकंद

देवासची आमची आत्या शहाऐंशी वर्षांची आहे. आवाज असा, की तिने दारातून हाक मारली तर टेकडीवरची वानरं रांगेत उभी राहतात. तिचा नातू कॅनडात असतो. त्याची मुलगी सात वर्षांची झाली, पण तिच्या डोक्यावर पणजीचा हात एकदाही पडलेला नव्हता. दर दिवाळीला आत्या म्हणायची, "हा हात मग कशाला ठेवलाय देवानं? पोळ्या लाटायला?"

म्हणून मी धारहून घोषणा केली, की यंदा व्हिडिओ करायचा. गावोगावचे नातेवाईक आपापल्या मराठीत शुभेच्छा देतील, शेवटी आत्याचा आशीर्वाद आणि खाली इंग्रजी पट्टी, कारण पणतीला मराठी जेमतेम कळतं पण इंग्रजी भराभर वाचता येतं.

व्हिडिओ धडाधड येऊ लागले. नागपूरचे मामा म्हणाले, "दिवाळीच्या लय लय शुभेच्छा बाप्पा!" कोल्हापूरच्या काकूने दम भरला, "फराळ दाबून खावा, लाजू नगासा!" मी आमच्याकडची बाजू लढवली, "हॅपी दिवाली भिया, शेव-पोहे खायला कधी येताय?" अशी सगळी मराठी मंडळी जमली. आत्या तेवढी अडली.

मी देवासला जाऊन मोबाईल उभा केला, तर ती तोंडच उघडेना.

"आत्या, बोल ना आशीर्वाद."

"कोणाला? या डब्याला? आधी नमस्कार, मग आशीर्वाद. आमच्याकडे उलटं चालत नाही."

"बरं, त्यांच्या वतीने मी वाकतो."

मी वाकलो. आत्याने माझ्या टकलावर हात ठेवला आणि थबकली. "छे! हा तुलाच लागेल. पणतीला द्यायची विद्या तुझ्यात मुरायची. आणि एकसष्टाव्या वर्षी ती घेऊन तू करणार काय?"

तरी मी वाकतच राहिलो. नक्की आकडा सांगत नाही, पण त्या दुपारी माझ्या डोक्याने देवासची फरशी पुसून निघाली. शेवटी तोडगा आत्यानेच काढला. "मी गप्प बसते. त्यांना तिकडे वाकू दे. उठले की बोलते."

"किती वेळ गप्प बसशील?"

"पोरगी दोन सेकंदांत वाकेल. पण नातू माझा फार सुटलाय. बारा धर."

आत्या बारा सेकंद कॅमेऱ्याकडे अशी रोखून बघत बसली, की मीच पुन्हा वाकलो. मग म्हणाली, "आयुष्मान व्हा, विद्यावान व्हा, सुखानं नांदा." त्या बारा सेकंदांत पट्टी टाकायची होती, 'आता पणजीला नमस्कार करा.'

पट्ट्या टाकायचं काम माझ्या मुलीचं. ती पीथमपुरात औषधांच्या कंपनीत आहे आणि शिफ्टच्या बसमध्ये बसून मोबाईलवर एडिटिंग करते. दुसऱ्या दिवशी तिने अख्खा व्हिडिओ पाठवला. बघतो तर काय, आत्या आली आणि धाडकन आशीर्वाद! बारा सेकंद गायब!

"अगं, शांतता कुठे गेली?"

"बाबा, अ‍ॅप सगळे रिकामे गॅप आपोआप उडवतं ना! नहीं तो कौन देखेगा यार?"

"तोच गॅप तर पाहिजे! आत्या जीव घेईल माझा!"

तिने तो परत घातला, पण चुकून मामांच्या आधी. त्याबरोबर पुढची चित्रं बारा सेकंदांनी सरकली, पट्ट्या मात्र होत्या तिथेच चिकटून राहिल्या. मामांच्या मिशांखाली 'फराळ दाबून खा', काकूखाली 'शेव-पोहे खायला कधी येताय' आणि माझ्या टकलाखाली 'आता पणजीला नमस्कार करा'. मुलगी बसमध्ये इतकी हसली, की म्हणे ड्रायव्हरने ब्रेक मारला. मग तिने गॅप आत्यापाशी नेला, एकेक पट्टी आपापल्या माणसाखाली बसवली आणि धनत्रयोदशीला व्हिडिओ रवाना केला.

आत्या लक्ष्मीपूजनापर्यंत एकच विचारत होती, "वाकले का रे?"

पाडव्याला उत्तर आलं, तेही व्हिडिओच. मी ते घेऊन देवासला पळालो, धार ते देवास एका श्वासात. तिकडे त्यांच्या टीव्हीवर आत्या रोखून बसलेली दिसत होती. पोरीने पट्टी मोठ्याने वाचली आणि लगेच वाकली. मागे नातू गुडघे धरून हळूहळू खाली चालला होता, बारा सेकंदही कमीच पडणार होते.

पोरगी वाकलेली दिसताच आत्याचा हात आपसूक पुढे आला आणि मोबाईलच्या काचेवर टेकला. हात लागला तसा व्हिडिओ थांबला. पोरगी वाकलेलीच राहिली.

मी तिचा हात काढायला गेलो, तर आत्याने माझ्या हातावर चापट मारली.

"थांब रे! थांबलीये बघ कशी पोर. आशीर्वाद घेतल्याशिवाय उठणार नाही ती." आणि काचेवर हात ठेवूनच तिने, सावकाश, पहिल्यापासून सुरुवात केली.