झोपेत मोजलेली नाडी

तिला सगळ्या गोगलगाय म्हणायच्या. नाव मीच ठेवलं होतं, हे आधीच कबूल करून टाकते. मी नर्सिंग शिकवते. त्या वर्षी माझ्या वर्गात बावीस मुली, बहुतेक अठरा-एकोणीसच्या, आणि ही एकटी अडतीसची. बारा वर्षं आमच्याच हॉस्पिटलात वॉर्डातली मावशी म्हणून तिने लाद्या पुसल्या, बेडपॅन उचलले, आणि मग एक दिवस कोणाला न सांगता फॉर्म भरला. "का आलीस?" असं मी पहिल्या दिवशी विचारलं, तर म्हणाली, "बाई, पेशंट मला विचारायचे, मला काय झालंय. मला सांगता यायचं नाही. वाईट वाटायचं."

उत्तर आवडलं होतं. पण तिचा संथपणा माझ्या डोक्यात जायचा. बाकीच्या मुली पंधरा सेकंद नाडी मोजून चाराने गुणायच्या. ही घड्याळ समोर धरून पूर्ण मिनिटभर बसायची.

"अगं, तेवढ्यात पेशंट बरा होऊन घरी जाईल," मी ओरडायची.

"मिनिट साठ सेकंदांचंच असतं, बाई," ती शांतपणे म्हणायची. मुली तोंड दाबून हसायच्या आणि माझा पारा आणखी चढायचा.

त्या वर्षी माझा पारा सारखा चढलेलाच असायचा. वर्गातला पंखा पाचावर, तरी मला घाम. मुली बिचाऱ्या ओढण्या गुंडाळून बसायच्या. वजन सात किलो उतरलं होतं, तेही चार पोळ्या जास्त खाऊन. मैत्रिणी विचारायच्या, काय करतेस गं? मी मिरवायची. रात्री झोप लागत नव्हती, खडू धरलेला हात थरथरायचा. पन्नाशी उलटली, चहा जास्त होतो, मुली छळतात, अशी कारणं माझ्याकडे तयार होती. दुसऱ्याचं दुखणं तीस वर्षं शिकवणारी बाई मी. दिव्याखाली अंधार.

परीक्षेआधी प्रत्येकीने एक तक्ता करून द्यायचा, हा माझा नियम. त्या वर्षीचा विषय थायरॉइड. एका बाजूला गळ्यातली ग्रंथी जास्त काम करते तेव्हा काय होतं, दुसऱ्या बाजूला कमी करते तेव्हा काय. खाली लक्षणं, तपासण्या, आणि नर्सने सगळ्यात आधी काय पाहायचं. शेवटची ओळ 'कोणात पाहिलं?' पुस्तकातून काहीही उतरवता येतं, म्हणून दोन्ही बाजूंना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला एकेक माणूस हवाच. ही ओळ रिकामी, तर सही नाही. सही नाही, तर परीक्षा नाही. आणि गोगलगायीची परीक्षा हुकली असती, तर हॉस्पिटलने शिकायला दिलेली रजा संपून ती पुन्हा लाद्यांपाशी आली असती.

शेवटच्या दिवशी दुपारी ती स्टाफरूममध्ये आली. मोठ्या कागदावरच्या रेघा तिच्या दहावीतल्या लेकीने आखून दिल्या होत्या. मी तपासायला घेतला आणि मनातल्या मनात मान डोलावली. जिथे निम्म्या मुली पडतात, तिथे ही पडली नव्हती. ग्रंथी जास्त चालते तेव्हा टीएसएच कमी, ग्रंथीतून निघणारे टी-तीन आणि टी-चार जास्त. ग्रंथीच मंदावते तेव्हा टीएसएच जास्त, टी-चार कमी. बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'टीएसएच म्हणजे मेंदूकडून येणारी हाक. हाताखालचा माणूस ऐकत नसेल तर मुकादम ओरडतो. तो आपणहून जास्त करत असेल तर मुकादम गप्प.' बारा वर्षं मुकादमाखाली काम केलेल्या बाईलाच हे सुचावं.

कमी चालणाऱ्या ग्रंथीच्या बाजूला खिडकीजवळच्या कॉटवरची आजी होती. थंडी सोसत नाही, कातडी कोरडी, बद्धकोष्ठ, आवाज घोगरा, नाडी बावन्न, दिवसभर पेंग. 'गरम पाण्याची पिशवी मागत होती. दिली नाही, दोन ब्लँकेटं दिली. पिशवीने भाजतं, रक्तदाब उतरू शकतो. झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. पेंग वाढली, श्वास मंदावला तर लगेच कळवायचं.' सगळं बरोबर.

दुसऱ्या बाजूला लक्षणं होती, तपासण्या होत्या, शांत आणि गार खोली, भरपूर खाणं, नाडी-तापावर लक्ष, हेही होतं. 'कोणात पाहिलं' मात्र कोरं.

"हे काय?"

तिने हातातली वही छातीशी धरली.

"दोन महिने वॉर्डात होतीस ना? एवढ्यात एकही दिसला नाही? डोळे होते की गारगोट्या?" माझा आवाज बाहेरच्या जिन्यापर्यंत गेला असणार. "त्यापेक्षा त्या मंद बाजूला स्वतःचंच नाव घालायचंस!"

बोलले आणि जीभ चावली. पण सुटलेला शब्द परत येतो थोडाच.

"माझी थायरॉइड तपासून घेतली, बाई," ती म्हणाली. "तुम्ही मागेही एकदा म्हणाला होतात म्हणून. नॉर्मल आली. मी मुळातच हळू आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती जायला वळेल असं वाटलं, पण ती खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली.

"दिसलं एक माणूस. पण त्यांना न विचारता कसं लिहू?" तिने वहीतली चिठ्ठी काढून माझ्यासमोर ठेवली. त्यावर तीन तारखा आणि तीन आकडे होते. एकशे बारा, एकशे दहा, एकशे चौदा.

"तुम्ही दुपारी लायब्ररीत टेबलावर डोकं टेकून झोपता ना, तेव्हा मोजली. जागेपणी तुमच्या हाताला हात लावायची माझी हिंमत नव्हती. आणि जागेपणीचा आकडा तुम्ही मानलाही नसता. म्हणाला असतात, तुम्हा मुलींमुळेच वाढलीय." मग अगदी हळू, "झोपेत राग नसतो, बाई. तरी कमी होत नाही."

कितीतरी वर्षांत माझ्या मनगटाला कोणी असा मायेने हात लावला नव्हता. मी रडले, अगदी लहान मुलीसारखी. ती पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि तेही सावकाशच.

दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त तपासायला दिलं. टीएसएच जवळजवळ नाहीच, बाकीचे दोन्ही चढलेले. डॉक्टर म्हणाले, आणखी रेंगाळलं असतं तर हृदयाचे ठोके बिघडले असते. गोळ्या सुरू झाल्या, आणि माझ्या विद्यार्थिनीने मला, तीस वर्षं हेच शिकवणाऱ्या बाईला, दरडावून सांगितलं, "घसा दुखला, ताप आला, तर अंगावर काढायचं नाही. त्याच दिवशी रक्त तपासायचं. गोळीने पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात." मी निमूटपणे हो म्हटलं.

तिच्या तक्त्याची मुदत मी रिपोर्ट येईपर्यंत वाढवली होती. कोऱ्या जागी तिने माझ्यासमोर लिहिलं: 'एक शिक्षिका, वय एक्कावन्न. परवानगी घेतली आहे.' मी खाली सही केली. हात अजून थरथरत होता. सही वेडीवाकडी आली.

आज ती स्त्रियांच्या वॉर्डात नर्स आहे. माझी नाडी शहात्तरवर आलीय. राग बराच उतरला. उरलेला माझा स्वतःचा निघाला. परवा तिच्याकडे गेले तर नव्या मुलींना तोच तक्ता भिंतीला लावून शिकवत होती.

मी कानात म्हटलं, "दे गं, नीट सही करून देते. शोभा होते माझी."

तिने तक्त्यावर हात ठेवला. "राहू द्या, बाई. बाकीचं सगळं मी लिहिलंय. हे एक लक्षण तुमच्या हातचं आहे."

मग तिने मला स्टुलावर बसवलं, मनगट हातात घेतलं आणि घड्याळ समोर धरलं. मी मिनिटभर काही बोलले नाही.