एकतीस मे

विनोदिनीबाई सात वर्षं आमच्या सोसायटीच्या सचिव होत्या. महाडमध्ये कोर्टाच्या मागच्या अंगाला आमची तीन मजली इमारत आहे, अठरा बिऱ्हाडांची. बाई प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्या आणि लगेचच्या निवडणुकीत आम्ही त्यांना समितीवर पाठवलं. लग्न केलेलं नव्हतं, अक्षर सुरेख, स्वभावाला खोट नाही; असं माणूस सापडलं की सोसायट्या सोडत नाहीत.

एकवीस सालच्या पुरात तळमजल्यावरच्या ऑफिसात पाणी शिरलं, तेव्हा सभासदांची नोंदवही बाईंनी आपल्या घरी नेऊन पान पान सुटं करून पंख्याखाली वाळवली होती. जे वाचता येईना, ते घरोघरी विचारून पुन्हा लिहिलं. दुसऱ्या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध कोणी अर्जच भरला नाही.

बाईंचं मन मात्र महाडात पुरतं रमलं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. बाविसाव्या वर्षी त्यांची पहिली नेमणूक पोलादपूर तालुक्यात, आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या पिंपळकोंडात झाली. राहायला खोली मिळाली ती आवडीच्या घरात. आवडी तेव्हा नुकती लग्न होऊन आलेली. दोघी एका वयाच्या. बारा वर्षं बाई तिथे राहिल्या. मग आईवडिलांच्या आजारपणासाठी महाडला बदली मागून घेतली. वडील गेले, आई गेली, नोकरी संपली. परत जायचं राहूनच गेलं.

दोनदा त्यांनी राजीनामा दिला होता. ‘सोयीने लवकरात लवकर मोकळं करावं,’ असं त्यात लिहिलेलं. दोन्ही पत्रं आमच्या अध्यक्षांच्या खणात राहिली. अध्यक्ष म्हणजे अवधूत सबनीस. कोर्टात नाझर होते, म्हणून सगळे त्यांना नाझरसाहेबच म्हणतात. बायको जाऊन दहा वर्षं झालेली, मुलगी पुण्याला. दर गुरुवारी संध्याकाळी ते आणि बाई सोसायटीच्या ऑफिसात बसत. आलेली पत्रं वाचायची, उत्तरं लिहायची. काम अर्ध्या तासाचं, पण खोलीतला दिवा आठपर्यंत जळायचा.

गेल्या एप्रिलमध्ये आवडीचा फोन आला. मी तेव्हा बाईंकडेच बसले होते. आवडी मोठ्याने बोलते, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

“बाई, सुनील एक जूनला जातोय पोरांना घेऊन. म्हनतो, आये, तू एकटी नाय राह्यची, घराला कुलूप लाव नि चल नालासोपाऱ्याला. मी सांगितलंय त्याला, माझ्या बाई येनार हायत. येनार ना वो?”

“येणार,” बाई म्हणाल्या.

एक मेला बँकेला सुट्टी, म्हणून मी घरी होते. बाई एक कागद घेऊन आल्या. “शुभदा, तू समितीवर आहेस. वाच, आणि कुठे कठोर वाटतंय का सांग.”

‘मा. अध्यक्ष यांस, स. न. वि. वि. सभासदांनी दोन वेळा विश्वासाने सोपवलेलं सचिवपद आणि समितीचं सदस्यत्व मी सोडत आहे. या सात वर्षांत माझ्या चुका आपण सर्वांनी सांभाळून घेतल्या, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. कोणाविषयीही माझ्या मनात नाराजी नाही. दप्तराची यादी सोबत जोडली आहे. समिती ठरवील त्या सदस्याला ते मी महिनाभरात समजावून देईन. ३१ मे २०२५ हा माझ्या कामाचा शेवटचा दिवस राहील. ही तारीख पुढे नेण्याचा आग्रह कृपया करू नये. आपली, विनोदिनी दांडेकर.’

“कठोर नाही,” मी म्हटलं, “पण पळवाटही नाही.”

“तेच हवं होतं.”

गुरुवारच होता. संध्याकाळी त्या मला बरोबर घेऊन खाली गेल्या. नाझरसाहेबांनी पत्र वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं.

“बाई, सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा घ्यावीच लागेल. तेवढी होऊन जाऊ दे.”

“सभा दरवर्षी असते, नाझरसाहेब.”

“दप्तर सोपवल्याची खात्री झाल्याशिवाय समितीला सचिवाचा राजीनामा मंजूर करता येत नाही, तुम्हाला ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे, म्हणून तर महिनाभर आधी देते आहे.” बाईंनी पत्राची दुसरी प्रत पुढे सरकवली. “यावर पोच द्या.”

ते पेन घेऊन नुसते बसले. “पोलादपूर किती लांब आहे? मधूनमधून येऊन सह्या करा.”

“सह्या करायला येईन, आणि मन इथेच ठेवून परत जाईन,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “मग तिथेही मी नसेन आणि इथेही नसेन. आवडी माझ्या भरवशावर थांबली आहे. एकतीस तारीख बदलता येणार नाही.”

नाझरसाहेबांनी पोच दिली. मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

सचिवच सभेची नोटीस काढतो. त्यामुळे स्वतःच्या राजीनाम्यावर विचार करण्याचा विषय बाईंनी स्वतःच्याच हाताने लिहिला आणि फलकावर लावला. अकरा मेला समिती बसली. सगळ्यांनी एक एक कारण काढून पाहिलं. बाई प्रत्येकाचं ऐकून घेत, आभार मानत, आणि “एकतीस मे” म्हणत. शेवटी नाझरसाहेबच म्हणाले, “त्यांना आता अडवू नका.” एकतीस तारखेला दप्तर सोपवल्याची खात्री झाल्यावर राजीनामा त्याच दिवसापासून मंजूर, असा ठराव झाला. एक जूनपासून सचिव म्हणून माझी निवड झाली.

महिनाभर बँकेतून आले की मी बाईंसमोर बसायची. कोणाचं नामनिर्देशन बदललंय, कुठल्या फ्लॅटचे वारस तीन भाऊ आहेत, कोणाला पत्र न पाठवता घरी जाऊन सांगायचं, हे सगळं त्यांनी मला दिलं. शेवटच्या दिवशी यादीवर आम्ही तिघांनी सह्या केल्या. शिक्का त्यांनी रुमालाने पुसून माझ्या हातात ठेवला. नाझरसाहेब रिक्षापर्यंत आले. “येईन एकदा तुमचं पिंपळकोंड बघायला,” म्हणाले.

“या. आवडी तांदळाच्या भाकऱ्या छान करते,” बाई म्हणाल्या.

जूनभर नाझरसाहेब त्यांना फोन करत. मागच्या सभेच्या इतिवृत्तात अमुक कुठे आहे, तमुक फाईल कोणती. सगळी उत्तरं माझ्याकडे होती. मी तसं कधी बोलले नाही.

दिवाळीनंतर मी पिंपळकोंडात जाऊन आले. बाई उन्हाने रापल्या होत्या. शाळा बंद पडलीय, पटावर मुलंच नाहीत. पण वाडीतली तीन मुलं संध्याकाळी आवडीच्या ओट्यावर पाट्या घेऊन येतात. आवडी कौतुकाने म्हणाली, “बाई आल्यापास्नं सुनीलनं कुलपाचं नाव काढलं नाय.”

बाई मला पोचवायला रस्त्यापर्यंत आल्या. इतका वेळ विचारलं नव्हतं ते तिथे विचारलं, “गुरुवारी बसतात अजून?”

“बसतात.”

“एकटेच?”

“मी थोडा वेळ बसते. पण मला घरी स्वयंपाक असतो.”

त्यांनी मान हलवली. “तिथे होते तेव्हा इथली हुरहूर लागायची,” म्हणाल्या, “आता गुरुवार आला की...” तेवढ्यात जीप आली.

महाडला आल्यावर मी नाझरसाहेबांना सगळं सांगितलं. तेवढं शेवटचं सोडून. त्यांनी पोलादपूरहून पुढची गाडी किती वाजता मिळते ते विचारलं आणि कागदाच्या कपट्यावर लिहून घेतलं. अजून गेलेले नाहीत. गुडघे दुखतात म्हणतात.