उलटा मारलेला जीटी

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जीटी मारणं ही विद्या अभ्यासक्रमात नव्हती, पण ती न शिकता कुणी पास झाल्याचं मला आठवत नाही. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. काच आडवी टाकायची, खाली दिवा लावायचा, वर दुसऱ्याचं काम ठेवायचं आणि त्यावर आपला कोरा कागद. माझ्याकडे मुलुंडच्या घरातली टीपॉयची काच होती, आणि हात साफ होता. अक्कल तेवढी कमी पडली.

शेवटच्या वर्षी कंट्रोल सिस्टीमच्या जर्नलमध्ये लंबकाचा फेज प्लेन काढायचा होता. आडव्या अक्षावर कोन, उभ्या अक्षावर वेग, आणि लंबक कुठून कुठे जातो ते बाणांनी दाखवायचं. माझी मैत्रीण गोवंडीहून यायची. तिने तो खरोखर काढला, एकेका बिंदूवर उतार मोजून. लंबक खाली लटकतो तिथे वेटोळं घालत आत येणाऱ्या रेषा, म्हणजे फोकस. तो उलटा, टोकावर उभा राहतो तिथे सॅडल: एका दिशेने रेषा जवळ येतात, दुसऱ्या दिशेने लांब पळतात. तिने जर्नल मला दिलं, "नीट वापर गं, एकच आहे" एवढंच म्हणाली.

मी ते पान घाईत काचेवर पालथं ठेवलं. आकृती दोन्ही बाजूंनी सारखीच दिसत होती, दोन टोकांना सॅडल, मध्ये फोकस. बाणसुद्धा मी प्रामाणिकपणे गिरवले. अक्षांची नावं मात्र पाठ होती, ती न बघता सुलट लिहिली, सुंदर अक्षरात. ते सुंदर अक्षर बघून बाकीच्या अठरा जणांनी माझ्यावरून जीटी मारला.

सरांनी जर्नलं तपासली. एकोणीस पानं सारखी, एक वेगळं. लोकशाहीच ती. मैत्रिणीच्या पानावर लाल शाईत शेरा आला: पुन्हा काढा. तोवर सही नाही.

ती पान घेऊन माझ्याकडे आली. "माझं चुकलं कुठे, सांग ना." मी दोन्ही पानं खिडकीच्या उजेडात एकावर एक धरली आणि कळलं, तिचं पान मी काचेवर पालथं ठेवलं होतं. मी म्हटलं, "बघते." आणि आठवडाभर बघतच राहिले. तिला नोकरीचं पत्र आलं होतं. केटी लागली असती, म्हणजे विषय राहिला असता, तर ते गेलं असतं. तिच्या घरातली ती पहिली इंजिनिअर होणार होती. मी भित्री होते, दुसरा शब्द नाही.

"सरांना हवंय तसं काढून टाक ना यार," मी एकदा सुचवलंही.

"चुकीचं का काढू?" ती म्हणाली.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या मॅडमनी आम्हा दोघींना एकत्र बसवलं. शेजारी आमचे सर. मॅडमनी दोन्ही पानं बघितली आणि मला विचारलं, "वरच्या अर्ध्या भागात वेग धन की ऋण?"

"धन."

"मग कोन वाढेल की कमी होईल?"

"वाढेल."

"म्हणजे बाण उजवीकडे. तुमचे डावीकडे का? तुमचा लंबक पुढे जात जात मागे येतो?"

सर पंख्याकडे बघू लागले. मैत्रीण माझ्याकडे बघत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, मी जीटी उलटा मारला. तिचं पान बरोबर आहे. आमची एकोणीस चूक आहेत."

मॅडम हसल्या नाहीत. "आरशात धरल्यावर फोकसचा नोड झाला का? वेटोळं जाऊन रेषा थेट आत यायला लागल्या का?"

"नाही. आयगेनव्हॅल्यू, म्हणजे समीकरणाची मुळं, तीच राहतात. फोकस फोकसच, सॅडल सॅडलच. फक्त फिरायची दिशा उलटते." हे मी आठवडाभर स्वतःच्या बचावासाठी पाठ केलं होतं.

मग त्या मैत्रिणीकडे वळल्या. "घर्षणाचा आकडा एक घेतलाय. तीन केला तर?"

"लॅम्डा वर्ग अधिक तीन लॅम्डा अधिक एक," ती कागदाकडे न बघता म्हणाली. "दोन्ही मुळं वास्तव आणि ऋण. फोकसचा नोड होईल, लंबक न झुलता खाली येऊन थांबेल. वरचं सॅडल तसंच."

मॅडमनी लाल शेऱ्यावर रेघ मारली आणि पेन सरांकडे सरकवलं. सरांनी मुकाट्याने सही केली. आम्हा उरलेल्या एकोणीस जणांना बोलावून तिथेच पान हाताने काढायला लावलं. माझं सर्वात शेवटी संपलं.

कॅन्टीनमध्ये ती माझ्यासाठी थांबली होती. माझा चहा तिने आधीच मागवला होता, तो गार झाला होता.

"तुला आठवडाभर माहीत होतं ना?"

"हो."

तिने वडापावचा घास संपवला. "तू सॅडल आहेस," ती म्हणाली. "एका बाजूने जवळ येतेस, दुसऱ्या बाजूने लांब पळतेस."

मी चहा प्यायले. वर्गीकरण बरोबर होतं.