साडेतेरा वेळा

बाईंबद्दल मला खरं तर फार थोडं ठाऊक आहे. त्यांचं घर मी पाहिलं नाही. त्यांचे यजमान कधी गेले, मुलगा नेमकी कसली नोकरी करतो, त्या चहात साखर घालत की नाही, यातलं काही छातीठोकपणे सांगता येणार नाही. त्या दुकानात यायच्या आणि मी दुकानदार, एवढीच ओळख. त्यांच्याबद्दल लिहायला माझ्यापेक्षा दुसरं कोणी बरं पडलं असतं. पण कोणी लिहीत नाही, म्हणून मी बसलो आहे.

माझं दुकान लोकरीचं. एक काउंटर, त्यामागे छतापर्यंत कप्पे, कप्प्यांत रंगवार गुंडे, आणि काचेखाली सुया आणि बटणं. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं. तेव्हा बाई येत, काउंटरच्या कडेच्या खुर्चीवर बसत आणि पिशवीतून विणकाम काढत. बोलणं जेमतेम. मीही फार बोलका नाही, त्यामुळे आमचं बरं जमत असे.

त्यांची खरी ख्याती वेगळीच होती. हल्ली बायका-मुली मोबाइलवरून फुकटचे नमुने उतरवून आणतात. फोटो सुंदर असतो. मग लोकर घेतात, टाके घालतात आणि पंधरा दिवसांनी रडकुंडीला येऊन परत येतात. असं दोन-चारदा पाहिल्यावर बाईंनी त्या नमुन्यांचे कागद मागून घ्यायला सुरुवात केली. हळूहळू रीतच पडली, लोकर मापायच्या आधी कागद बाईंकडे. सुया पुरवणारा एजंट त्यांना ‘तपासनीसबाई’ म्हणे. त्या हसत नसत, पण रागावतही नसत.

बाई कागद शेवटाकडून वाचायच्या. फोटो तर हातानं झाकून टाकायच्या. “हा बोलका असतो, भुलवतो,” म्हणायच्या. आधी बघायच्या, दहा सेंटिमीटरला किती टाके बसले पाहिजेत ते लिहिलंय का. मग वर जितकी मापं दिलीत तितकेच आकडे खाली प्रत्येक ठिकाणी आहेत का. आणि मग पेन्सिल घेऊन बेरीज-वजाबाकी.

एकदा बँकेत काम करणारी एक मुलगी आली. दिवस गेलेले, पहिलटकरीण. तान्ह्या बाळाच्या स्वेटरचा कागद घेऊन आली होती. गळ्यापासून खाली विणत जायचा, बाह्या जोडून असलेला.

“किती टाक्यांनी सुरुवात?” बाईंनी विचारलं.

“बहात्तर.”

“दर वाढीच्या ओळीत किती वाढतात?”

“आठ. चारी कोपऱ्यांना दोन-दोन.”

“अशा ओळी किती?”

“चौदा.”

“मग झाले किती?”

मुलगी बँकेतली. तोंडी हिशेब करून म्हणाली, “एकशे चौऱ्याऐंशी.”

“कागदावर काय आहे?”

तिनं पाहिलं. “एकशे ऐंशी.”

“म्हणजे साडेतेरा वेळा वाढवायचे. अर्धी ओळ कशी विणतात, मला शिकव. मी काही केली नाही अजून.”

मुलगी हसली. “मावशी, तुमचं म्हणजे धर्माची गाय आणि दात का गं नाय! फुकट मिळालंय ना?”

“गाय धर्माची असली तरी चारा आपलाच जातो,” बाई म्हणाल्या. “ज्या कोणी लिहिलं तिनं हौसेनं लिहिलं. तिला बोल नाही. पण छापण्याआधी कोणी तपासलेलं नसतं, तेव्हा ते आपणच तपासायचं.” मग पाठ, बाह्या आणि पुढचे दोन भाग वेगवेगळे मांडून बेरीज केली, चौऱ्याऐंशीच बरोबर आहे हे दाखवलं आणि समासात तसं लिहून दिलं.

हे सगळं सांगतो आहे ते पुढचं कळावं म्हणून.

बाईंचा मुलगा दुसऱ्या शहरात होता. सून, एक नात. जाणं-येणं नव्हतं. इतकंच मला ठाऊक होतं, आणि तेही एजंटाकडून. एके दुपारी बाई नेहमीपेक्षा लवकर आल्या आणि खुर्चीवर न बसता मोबाइल माझ्यापुढे धरला.

“भाऊ, हे मोठं करून छापून मिळेल?”

छोट्या मुलीच्या पिवळ्या स्वेटरचा नमुना होता, फोटोसकट. सुनेनं पाठवला होता. खाली लिहिलं होतं: ‘आई, हा हिला फार आवडला आहे. जमेल का?’ एवढंच. बाईंनी ती ओळ मला दोनदा वाचायला लावली. चष्मा होता त्यांच्याकडे.

“सहा वर्षांची झाली आता,” त्या म्हणाल्या. “पाळण्यातली पाहिलेली.”

समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून मी कागद छापून आणला. बाईंनी पिवळ्या लोकरीचे गुंडे आधीच काढायला लावले होते, सगळे एकाच लॉटचे. त्यांच्या तोंडी हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. आधी लोकर आणि मग कागद!

पण सवय कुठे जाते? कागद हातात आल्यावर त्या बसल्याच. फोटो झाकला. पेन्सिल निघाली. थोड्या वेळानं त्यांचा चेहरा उतरलेला दिसला.

मापं होती दोन, चार, आठ आणि दहा वर्षांची. सहाचं नाहीच. बाह्यांच्या ठिकाणी चार मापांना तीनच आकडे. आणि दहा सेंटिमीटरला किती टाके, त्याचा पत्ताच नाही. नुसतं ‘मध्यम लोकर’.

“यातलं तिसरं सुटतं,” त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. “आठ वर्षांना छाती सत्तर सेंटिमीटर दिली आहे, टाके एकशे चोपन्न. म्हणजे दहाला बावीस. बाह्याही मी बसवीन. पण सहाचं माप पोरीचंच लागेल. चारचं आहे बासष्ट, आठचं सत्तर. मधलं सहासष्ट धरायचं म्हटलं तर धरता येईल. पण सहा वर्षांच्या मुली काय एका साच्यातून निघतात? एखादी काडी असते, एखादी गुबगुबीत.”

“मग विचारा की फोन करून,” मी म्हणालो.

मी तसं म्हणायला नको होतं की काय, कोण जाणे. पण मग माप आलं कुठून असतं?

बाईंनी तिथूनच फोन लावला. मी गुंडे उगाच लावून ठेवत होतो, पण दुकान ते केवढं, ऐकू येत होतं.

“अगं, पाहिला मी नमुना. छान आहे. पण सहा वर्षांचं मापच नाही बघ त्यात. आणि बाहीला आकडा एक कमी आहे, आणि टाक्यांचा हिशेबही…” मग त्या थांबल्या. पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. “नाही गं. नावं नाही ठेवत. तुझी निवड चांगलीच आहे. मी फक्त छातीचं माप… बरं. बरं, राहू दे. नाही, तसं नाही म्हणत मी.”

त्यांनी फोन ठेवला. मी पाणी दिलं.

“म्हणते, तुम्हाला आमच्या प्रत्येक गोष्टीत चूकच दिसते. जमत नसेल तर आम्ही विकतचा घेऊ.” मग पेला तसाच बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, “तिचंही चुकत नाही, भाऊ.”

आणि मग मला जन्मात कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. नात पोटात होती तेव्हा सुनेनं स्वतः स्वेटर विणायला घेतला होता, आयुष्यातला पहिला. टाका कुठेही उलट, कुठेही सुलट, मधेच गळालेला, कडा वाकड्या. बाळ झालं, सून दवाखान्यात. घरी बाईंनी तो पाहिला आणि आता बाळाला घालायचा म्हणून सगळा उसवला. त्याच लोकरीचा नीट, मापात, नवा विणून तिच्या हाती ठेवला.

“मला वाटलं, खूश होईल.” बाई कागदाची घडी घालत होत्या. “तिनं हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, माझा कुठे आहे? मी म्हटलं, हाच की, फक्त चुका काढल्या. त्यानंतर ती माझ्याशी बोललीच नाही म्हणा ना. बोलायची, पण कामापुरतं. मग त्यांची बदली झाली.”

मी म्हणालो, “लोकर परत ठेवू?”

“नको हो,” त्या एकदम म्हणाल्या. “नातीनं मागितलाय.”

त्यांनी हाताचा अंदाज घ्यायला एक लहान चौकोन विणला, घरी धुऊन वाळवून आणला, मोजला. बावीस टाके बरोबर बसले. हाही गळ्यापासून खाली विणायचा होता आणि गळ्याचे टाके चार आणि आठ दोन्ही मापांना सारखेच होते, म्हणून सुरुवात करायला अडचण नव्हती. त्या दुकानात बसूनच विणत. एकदा त्यांनी मुलालाही फोन लावला. तो म्हणाला, हिला विचार, मला काय कळतं त्यातलं. मग त्यांनी सुनेला लिहून पाठवलं. माझ्याकडून तपासून घेतलं, कुठे चूक काढल्यासारखं वाटत नाही ना म्हणून. ‘स्वेटर सुरू केला आहे. सुंदर दिसतो आहे. फक्त पोरीच्या छातीचं माप कळव. सवडीनं.’ उत्तर आलं नाही.

गळ्यापासून काखेपर्यंत चार वर्षांच्या मापाइतकी खोली झाली तिथे त्या थांबल्या. पुढे आणखी वाढवायचे की इथेच बाह्या वेगळ्या काढायच्या, हे मापावर होतं. सगळे टाके एका पांढऱ्या दोऱ्यावर ओवून ठेवले. रोज ते पिवळं गोल पिशवीतून काढून काउंटरवर पसरत, हात फिरवत, परत ठेवत. एजंट म्हणाला, “अहो तपासनीसबाई, धरा की सहासष्ट! फारतर सैल होईल.”

“आणि नाही झालं तर?” त्या म्हणाल्या. “पहिल्यांदा मागितलंय तिनं. अंगात गेलाच नाही तर काय म्हणेल? आजीनं नुसत्याच चुका काढल्या.”

एजंटानं सुयांची पाकिटं पुढे केली. मी ती मोजून घेतली.

मग एक दिवस बाई आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. सकाळी उठल्याच नाहीत, असं त्यांच्या शेजारणीनं लोकर घ्यायला आल्यावर सांगितलं. मी गेलो नाही. मला त्यांचं घर माहीत नव्हतं, आणि विचारायचा धीर झाला नाही.

काही दिवसांनी त्यांचा मुलगा दुकानात आला. पिशवी काउंटरवर ठेवली आणि पिवळं विणकाम काढलं. “हे काय आहे? सुई नाही यात. अर्धवटच दिसतंय. आईनं सोडून दिलं होतं का?”

मी सांगितलं, सोडलेलं नाही. मापासाठी थांबलंय. छाती किती, तेवढंच कळायचं आहे.

त्यानं तो पांढरा दोरा बोटांनी चाचपला. “मलाही नाही माहीत,” म्हणाला. “हिला विचारतो.” उरलेले गुंडे मी कागदात बांधून दिले, आणि बाईंच्या अक्षरात आकडे लिहिलेला तो नमुन्याचा कागदही. पुढे कोणी विणलं की नाही, मला कळलं नाही. विचारायला कोणाला जाऊ?

बाई शेवटच्या आल्या त्या संध्याकाळी त्या निघाल्या तेव्हा मी काच पुसत होतो. दाराशी थांबून त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

“भाऊ, उद्या उघडं आहे ना?”

“आहे की.”

“मग येते. माप आलं तर बाह्या वेगळ्या काढू.”

“या,” मी म्हणालो.