मागच्या चाकांतली हवा

हवेच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये, असं मला वाटायचं. खमरियाला ऑफिसात रोज मी स्वतः गाडी चालवत जाते. पंपावरच्या भैयाने "दीदी, तीस मार दूँ?" विचारलं की मी दार उघडून दाराच्या चौकटीवरचं स्टिकर दाखवते. कंपनीने तिथे आकडा छापलाय तो काय शोभेसाठी? तेहतीस. चारही चाकांत तेहतीस. हे म्हणतात, "तू गाडीची सासू आहेस." असू दे.

नागपूरला माझ्या भावाच्या मुलीचं लग्न होतं. आदल्या संध्याकाळी मी चारही चाकं माझ्या डोळ्यांदेखत तेहतीसवर आणली. सकाळी कांचघरच्या घरासमोर सामान चढलं. पुढे आई, मागे हे आणि आमच्या दोन्ही मुली, डिकीत बॅगा आणि मावशीची पेटी.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, जन्मभर आमच्याकडेच राहिली, आणि मागच्या वर्षी गेली. तिची ती लोखंडी पेटी, आत लुगडी आणि पितळेची भांडी, नवरीला द्यायची असं तिनेच सांगून ठेवलेलं. यांनी आणि शेजारच्यांनी मिळून ती उचलली तेव्हा दोघंही लाल झाले. "मावशी आत बसली की काय?" हे म्हणाले. आई हसली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "हळू घे बाई. तिला धक्का सहन होत नाही."

बरगी मागे पडलं, रस्ता मोकळा झाला आणि मी वेग धरला. एका लांब वळणावर मला पहिल्यांदा जाणवलं. मी स्टेअरिंग वळवलं, गाडी वळली, आणि क्षणभराने मागची बाजू वेगळीच डोलली. कोणीतरी मागे बूड उचलून इकडचं तिकडे बसावं, तशी.

"अगं, हलू नका ना," मी मुलींना म्हटलं.

"मम्मी, हम तो हिले भी नहीं," मोठी म्हणाली. आरशात पाहिलं. तिघंही दाटीवाटीने बसलेले, हे तर डुलकी घेत होते.

पुढच्या वळणावर पुन्हा तेच. मावशीचे गुडघे दुखायचे. गाडीत ती कधी स्वस्थ बसायची नाही, वळण आलं की एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर कलायची. पंधरा वर्षं स्टेअरिंगवर बसून मी ते सहन केलं होतं, ते मला कळणार नाही? ऊन रखरखीत, रस्त्यावर ट्रक, आणि माझे हात स्टेअरिंगवर गार पडलेले.

आईने मान मागे टेकवली होती. डोळे मिटलेले. "बसली नीट," ती म्हणाली.

"कोण?"

"काहून विचारतेस? तुला समजून नाही राहिलं का?"

लखनादौनच्या पुढे एका ट्रकला ओलांडताना गाडीचं मागचं अंग असं काही झुललं की मी स्टेअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरलं. पाच जिवांची गाडी माझ्या हातात होती, आणि ती माझं अर्धंच ऐकत होती. आणि आई बाजूला बसून सावकाश, घरात बोलावं तशी, मागे बोलत होती. सिवनी आली की पाणी देते. ऊन लागतंय का. मुली कानातले इयरफोन काढून ऐकू लागल्या. धाकटीने पाय वर घेतले. तिला मराठी नीट बोलता येत नाही, पण समजतं सगळं.

सिवनीच्या अलीकडे एका ढाब्याशेजारी टायरवाला दिसला. मी गाडी थांबवली. हे उतरून म्हणाले, "हवा बघ." मी म्हटलं, हवा काल मी भरलीय, हवेचं नाव काढू नका. तरी टायरवाल्याने मीटर लावला. मागे अडतीस. "बढ़ गई है, दीदी. गर्मी है. निकाल दूँ?"

म्हणजे हवा कमी नव्हती. उलट जास्तच. मग? मी चालकाचं दार उघडून तिथेच टेकले, आणि डोळ्यांसमोर ते स्टिकर आलं. रोजचं. वरच्या ओळीत दोन माणसांचं चित्र, पुढे तेहतीस, मागे तेहतीस. त्याच्या खाली आणखी एक ओळ. पाच माणसं आणि बॅगा. पुढे पस्तीस, मागे एक्केचाळीस. आणि कडेला बारीक अक्षरांत, टायर थंड असताना.

इतकी वर्षं मी एकटी ऑफिसला जाते, म्हणून एकटीचीच ओळ वाचली होती. शहाणी म्हणे.

"कुछ मत निकालो," मी ओरडलेच. ते अडतीस धावून तापलेल्या टायरचे होते, आतली खरी हवा कालचीच, तेहतीसची. काढली असती तर गार झाल्यावर आणखी खाली आली असती. मी वाकून पाहिलं. मागच्या टायरांची पोटं रस्त्याकडे फुगली होती, पुढच्यांची नव्हती. हात लावला तर चटका बसला. असंच पुढे कुरईच्या घाटात गेलो असतो तर काय झालं असतं, ते मला आजही मनात आणवत नाही.

गाडी कडुनिंबाखाली लावली. जेवलो, मुली बाजेवर झोपल्या, ऊन कललं. टायर हाताला गार लागले तेव्हा पुन्हा मीटर लावला. मागे चौतीसच्या आत. एक्केचाळीस भरली, पुढे पस्तीस. गाडीचं मागचं अंग जरासं वर उचललेलं दिसलं. आई उभी राहून हे सगळं बघत होती.

घाटात जंगलाच्या भागात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच भिंती आहेत, जनावरांना गाड्यांचा आवाज लागू नये म्हणून. आत शिरलं की जग बंद होतं. त्या भिंतींमधून गाडी सरळ गेली. वळवली तशी वळली, मागे काहीही डोललं नाही. मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. शेजारी आई सीटवर वळून मागच्या काचेतून पाहत होती.

"उतरवलंस तिला," ती म्हणाली. "अशा रानात."

"आई, टायर होते ते. हवा कमी होती."

"अच्छा," आई म्हणाली, आणि पुन्हा मागच्या काचेकडे वळली.

लग्न छान झालं. पेटी नवरीकडे गेली. हे आणि मुली नागपूरलाच राहिले, परत निघालो मी आणि आई दोघीच. सकाळी गार टायरांत मी पुन्हा वरच्या ओळीची हवा करून घेतली, दोघींना तेवढी पुरते. त्या भिंतींपाशी आलो. आईने पदर सावरला, मान मागे टेकवली आणि डोळे मिटले. वाट बघून राहिली होती ती. रिकामी मागची सीट, हलकी गाडी, कुठून काय येणार? मला ते बघवेना. रस्ता मोकळा होता. मी वेग अगदी कमी केला आणि स्टेअरिंग हळूच इकडून तिकडे हलवलं. गाडी डोलली, आधी उजवीकडे.

आईने डोळे उघडले नाहीत. माझ्या मनगटावर हात ठेवला.

"नको करू," ती म्हणाली. "ती आधी डावीकडे कलायची."